छोट्या डेअरीत सीआयपी: पाइप आणि लोण्याचा चर्न धुताना टाकीकडे नाही, रिटर्नकडे बघा

नागपूरजवळ हिंगणा, बुटीबोरी, काटोल रोड या बाजूला दिवसाला पाचशे-हजार लिटर दूध हाताळणारी बरीच छोटी युनिटं आहेत. बहुतेक ठिकाणी सीआयपी, म्हणजे पाइप न खोलता आतून धुणं, असं चालतं: टाकीत गरम पाणी, त्यात कॉस्टिक, पंप सुरू, पंधरा मिनिटं झाली की बंद. वहीत टिक पडते. तरी मे महिन्यात पहिल्या क्रेटमधलं दूध गिऱ्हाइकाच्या घरी उकळताना फाटतं आणि दोष गवळ्याच्या माथी जातो.

हा लेख नव्याने युनिट चालवायला घेतलेल्यांसाठी आहे. दीड इंची स्टीलची लाइन, एक पंप, एक सीआयपी टाकी आणि लोणी काढायचा छोटा चर्न, एवढंच समोर ठेवून लिहितो. मोठ्या प्लांटमधले ऑटोमॅटिक सेट, प्लेट पाश्चरायझरचं वेगळं वेळापत्रक, हे इथे नाही.

आधी समजून घ्या: आत काय साचतं

दोन वेगवेगळ्या गोष्टी साचतात, आणि दोघींचा उपाय वेगळा आहे.

पहिला मिल्क स्टोन. दुधातलं कॅल्शियम फॉस्फेट गरम पृष्ठभागावर बसतं, त्यात जळलेलं प्रोटीन अडकतं आणि वरून धुण्याच्या पाण्यातला क्षार चिकटतो. वाळल्यावर पांढुरका किंवा पिवळसर दिसतो आणि नखाला खरखरीत लागतो. ओला असताना दिसत नाही, म्हणून धुतल्या-धुतल्या बघून लोक समाधानी होतात.

दुसरी बायोफिल्म. जीवाणू स्टीलला किंवा रबराला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. हाताला बुळबुळीत लागतं, गॅस्केट काढलं की कुबट वास येतो. या आवरणाखाली क्लोरीन नीट पोचत नाही. त्यामुळे 'सॅनिटायझर जास्त टाकू' हा उपाय चालत नाही. आधी आवरण अल्कलीने आणि पाण्याच्या जोराने निघायला हवं, मगच निर्जंतुक करणारं औषध काम करतं.

दोघींचं नातंही आहे. मिल्क स्टोनच्या खरखरीत थरात जीवाणूंना बसायला जागा मिळते. म्हणून आधी स्टोन होऊ द्यायचा नाही.

काय काय लागेल

- कॉस्टिक सोडा फ्लेक्स, आणि नायट्रिक ॲसिड (साधारण ६० टक्क्यांचं). इतवारीत मिळतं. घेताना बिल आणि सुरक्षेची माहितीपत्रिका मागून घ्या.
- वजनकाटा. 'दोन मग' हे माप नव्हे.
- दोन थर्मामीटर. एक टाकीत, एक रिटर्न पाइपच्या तोंडाशी, म्हणजे लाइनमधून फिरून पाणी परत येतं तिथे. एकच घ्यायची ऐपत असेल तर रिटर्नचा घ्या.
- २० लिटरची खुणेची बादली आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच.
- ब्युरेट, ४ मिली मोजता येईल असं पिपेट, एन/१० हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि फिनॉल्फ्थलीन. दुधाची आम्लता बघता त्याच टेबलावर हे मावतं.
- रबरी हातमोजे, डोळ्यांचा बंद चष्मा, गमबूट, ॲप्रन. टाकीत विजेचा हीटर असेल तर ईएलसीबी लावलेलाच हवा.
- जादा गॅस्केटचा एक सेट.
- एक वही. तारीख, रिटर्नचं तापमान, कॉस्टिकची ताकद, वेळ, सही. एफएसएसएआयच्या २०११ च्या लायसन्सिंग नियमांतल्या शेड्यूल ४ नुसार स्वच्छतेची नोंद ठेवावीच लागते, पण खरा उपयोग तुम्हालाच आहे. दूध बिघडलं की मागची पानं उलटता येतात.

१. पहिल्याच दिवशी वेग मोजा

पाइप फक्त रसायनाने धुतला जात नाही. पाणी आतून घासत, खळबळत गेलं पाहिजे. त्यासाठी पाइपातला वेग सेकंदाला किमान दीड मीटर लागतो. त्याहून बराच कमी असेल तर आडव्या पाइपात पाणी तळाने वाहतं, वर हवा राहते आणि पाइपचा वरचा भाग रोज न धुतलेलाच राहतो.

मोजायला मीटर नको. रिटर्नचं तोंड बादलीत धरा, साध्या पाण्यावर पंप चालवा आणि वेळ बघा. दीड इंची लाइनला २० लिटरची बादली साधारण १३ सेकंदांत भरली पाहिजे, म्हणजे मिनिटाला ९० लिटर. एक इंची लाइन असेल तर मिनिटाला ३६ लिटर पुरतात. दोन इंचीला मात्र जवळजवळ १६७ लागतात, आणि छोटा पंप इथेच कमी पडतो.

बादली भरायला २५-३० सेकंद लागले तर लगेच नवा पंप विकत घ्यायला धावू नका. आधी सक्शनची जाळी बघा. मग रिटर्नला लावलेला होज बघा. दीड इंची लाइनच्या शेवटी कोणीतरी घरात पडलेला एक इंची होज लावलेला असतो आणि सगळा वेग तिथे मरतो.

आणखी एक गोष्ट. लाइनला फाटा असेल आणि दोन्ही फाटे एकदम धुवायला घेतले तर पाणी सोप्या वाटेने जातं, दुसऱ्या फाट्यात रेंगाळतं. एक व्हॉल्व्ह बंद करून एकेक फाटा वेगळा धुवा.

२. दूध संपलं की लगेच कोमट पाणी

लगेच म्हणजे लगेच, जेवून आल्यावर नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात शेडमधला रिकामा पाइप अर्ध्या तासात सुकतो, आणि सुकलेलं दूध काढायला नंतर दुप्पट कॉस्टिक लागतं.

पाणी ३५ ते ४० अंश ठेवा. थंड पाण्याने तूप गोठून भिंतीला चिकटतं. आणि 'गरम म्हणजे चांगलं' म्हणून ६०-७० अंशांचं पाणी सोडलं तर दुधातलं प्रोटीन तिथेच शिजून बसतं. मिल्क स्टोनची सुरुवात अशीच होते. हाताला सुखद लागेल इतकंच कोमट.

हे पाणी फिरवायचं नाही, सरळ बाहेर सोडायचं. रिटर्नमधून नितळ पाणी येईपर्यंत. ठरावीक मिनिटं धरू नका, काचेच्या ग्लासात घेऊन बघा.

३. कॉस्टिकचा फेरा

लक्ष्य असं: १ टक्का कॉस्टिक, रिटर्नला ७० ते ७५ अंश, आणि त्या तापमानावर १० ते १५ मिनिटं. अल्कली तूप साबणासारखं सोडवते आणि प्रोटीन फुगवून उचलते. तापमान उतरलं की दोन्ही कामं मंदावतात.

इथे हिशेबात सगळ्यात जास्त गडबड होते, म्हणून आकडे मांडून दाखवतो.

दीड इंची पाइपात मीटरमागे साधारण १ लिटर पाणी मावतं. तुमची लाइन जाऊन-येऊन १८ मीटर असेल तर तिच्यात १८ लिटर मावलं. कोमट पाण्याचा फेरा झाल्यावर हे पाणी लाइनमध्येच उभं असतं. टाकीत तुम्ही ८० लिटर पाणी घेतलं, ७५ अंश केलं, ८०० ग्रॅम कॉस्टिक टाकलं. टाकीत बघाल तर सगळं बरोबर आहे. पंप सुरू केला की लाइनमधलं १८ लिटर पाणी त्यात मिसळतं. ताकद १ टक्क्यावरून ०.८ वर येते. ते पाणी गार झालेलं असतं, भोवती थंड स्टील असतं, फिलरचा हॉपर असतो, आणि तापमान दोन-तीन मिनिटांत ६४-६५ वर येतं. पंप चालवायला हीटर बंद केला असेल (एकाच फेजवर दोन्ही असले की एमसीबी पडतो म्हणून लोक करतात) तर पंधरा मिनिटांनी रिटर्न साठीला टेकतो. वहीत मात्र '७५ अंश, १ टक्का' लिहिलेलं असतं, कारण ते टाकीत मोजलं होतं.

म्हणून:

लाइनचं पाणी धरून एकूण लिटर काढा आणि त्यावर कॉस्टिक मोजा. वरच्या उदाहरणात एकूण जवळजवळ १०० लिटर, म्हणजे १ किलो फ्लेक्स. फ्लेक्स थंड किंवा कोमट पाण्यात थोडे थोडे टाका आणि ढवळा. कॉस्टिक विरघळताना स्वतः उष्णता सोडतं, गरम पाण्यात एकदम ओतलं तर उसळून अंगावर येतं. आणि नेहमी पाण्यात कॉस्टिक, कॉस्टिकवर पाणी नाही.

पंप सुरू करा, हीटर चालू ठेवा आणि रिटर्नचा काटा ७० ला पोचला की घड्याळ लावा. त्याआधीची मिनिटं मोजायची नाहीत. ६ किलोवॅटचा हीटर १०० लिटर पाणी मिनिटाला एक अंशापेक्षा थोडं कमीच चढवतो, त्यामुळे पाणी तापवायला दूध संपायच्या आधीच लावा. टाकीला झाकण घाला. डिसेंबर-जानेवारीत सकाळी नागपुरात पारा दहा-बाराला येतो तेव्हा स्टीलही तेवढंच गार असतं. त्या दिवसांत टाकी ८० ला नेऊन सुरुवात करा.

फेरा चालू असताना प्रत्येक व्हॉल्व्ह चार-पाच वेळा उघड-बंद करा. नाहीतर व्हॉल्व्हच्या बसण्याच्या जागेला कॉस्टिक लागतच नाही. लाइनवर बॉल व्हॉल्व्ह असतील तर ते बदलून बटरफ्लाय घ्या. बॉलच्या मागच्या पोकळीत दूध अडकतं आणि कुठल्याही सीआयपीने ते निघत नाही.

ताकद तपासायला पीएच पट्टी निरुपयोगी आहे. ०.१ टक्का असो की १ टक्का, पट्टी जवळपास सारखाच गडद रंग दाखवते. त्यापेक्षा असं करा: रिटर्नमधून नमुना घेऊन गार होऊ द्या, त्यातला ४ मिली फ्लास्कमध्ये घ्या, थोडं पाणी आणि फिनॉल्फ्थलीनचे दोन थेंब टाका. गुलाबी होईल. ब्युरेटमधून एन/१० ॲसिड थेंबाथेंबाने सोडा. गुलाबी रंग गेला तिथे थांबा. जितके मिली लागले त्याला दहाने भागा, तेवढे टक्के कॉस्टिक. १० मिली लागले तर १ टक्का, ६ लागले तर ०.६. वापरलेलं कॉस्टिक दुसऱ्या दिवशी परत वापरायचं असेल तर ही चाचणी टाळताच येणार नाही. आणि द्रावण तपकिरी, गढूळ झालं असेल तर ताकद असली तरी फेकून द्या.

मग साध्या पाण्याने कॉस्टिक काढा. निघालं की नाही ते बघायला हळदीचं ओलं बोट पुरतं: रिटर्नच्या पाण्यात हळद लालसर झाली तर कॉस्टिक अजून आहे. काही बोअरचं पाणी मुळातच थोडं अल्कलाइन असतं, म्हणून शेजारी साध्या पाण्यात तीच हळद टाकून रंग ताडून घ्या.

४. ॲसिडचा फेरा, आणि तो किती वेळा

कॉस्टिकने तूप आणि प्रोटीन जातं, क्षार जात नाही. उलट जड पाण्यात कॉस्टिक टाकलं की पाण्यातलं कॅल्शियम पांढरं होऊन खाली बसतं, म्हणजे रोज धुताना तुम्ही थोडा थोडा थर चढवत असता. तो काढायला ॲसिड लागतं.

एनएमसीचं पेंच-कन्हानचं पाणी मिळत असेल तर नशीबवान. शहराबाहेरची बहुतेक युनिटं बोअरवर चालतात, आणि बोअरच्या पाण्याचा जडपणा गावागणिक बदलतो. पाणी एकदा तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलीग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पिण्याला चालणारं हे ५००-६०० चं पाणी सीआयपीला मात्र डोकेदुखी असतं. माझं मत विचाराल तर असं: २०० च्या आत असेल तर ॲसिड आठवड्यातून दोनदा, त्याच्या वर असेल तर एक दिवसाआड, आणि ४०० च्या पुढे रोज, किंवा मग सॉफ्टनर लावा. दूध तापवण्याच्या भागाला पाणी कसंही असलं तरी रोज.

१०० लिटर पाण्याला ६० टक्क्यांचं नायट्रिक साधारण १ किलो, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास. त्याने ताकद ०.६ टक्के येते. ६० ते ६५ अंश, १० मिनिटं. याहून कडक करू नका, रबराचे गॅस्केट कडक होऊन चिरतात आणि त्या चिरांत बायोफिल्मला घर मिळतं.

इथले चार धोके लक्षात ठेवा.

ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, उलट नाही.

ॲसिड आणि क्लोरीन (हायपोक्लोराइट) कधीही एकत्र येऊ देऊ नका, एकाच डब्यात नाही, एकाच टाकीत नाही, मध्ये पाण्याने नीट धुतल्याशिवाय एकामागून एकही नाही. क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत माणूस पडतो.

संडास साफ करायचं ॲसिड स्वस्त पडतं म्हणून वापरू नका. त्यात हायड्रोक्लोरिक असतं आणि ते स्टेनलेस स्टीलला बारीक भोकं पाडतं. भोकं एकदा पडली की पाइप परत नवा होत नाही.

लाइनमध्ये कुठे पितळी नळ किंवा जोड असेल तर नायट्रिकने तो खाल्ला जातो आणि तांबूस, घातक धूर निघतो. पितळ आधीच काढून टाका.

५. रात्रभर पाइप कोरडा ठेवा

ॲसिडनंतर साध्या पाण्याने धुवा आणि मग सगळ्यात खालचा ड्रेन उघडा. लाइनला ड्रेनकडे थोडा उतार असला पाहिजे. आडव्या लाइनचा मधला भाग आधार ढिला होऊन लोंबला असेल तर तिथे वाटीभर पाणी रात्रभर उभं राहतं. एप्रिल-मेमध्ये शेडमध्ये रात्रीही ३० च्या वर तापमान असतं, त्या वाटीभर पाण्यात सकाळपर्यंत काय होईल ते सांगायला नको. पाइपला आधार द्या, पंपाचा ड्रेन प्लग उघडा ठेवा, होज गुंडाळून जमिनीवर टाकू नका, उभा टांगा.

आठवड्यातून एकदा काही युनियन खोला. दर वेळी वेगळे. गॅस्केट काढून मागची बाजू बोटाने बघा. बुळबुळीत लागलं किंवा वास आला तर तो जोड नीट बसलेला नव्हता किंवा गॅस्केट संपलंय.

६. सकाळी दूध सोडण्याआधी

दोन मार्ग. ८५ अंशांचं पाणी रिटर्नला तेवढं गरम येईल असं १० मिनिटं फिरवा, किंवा १०० पीपीएम क्लोरीनचं थंड पाणी १० मिनिटं.

मी गरम पाण्याच्या बाजूचा आहे, कारण क्लोरीनच्या कॅनवर जे १० टक्के लिहिलेलं असतं ते नागपूरच्या उन्हात गोदामात महिनाभर पडल्यावर तेवढं राहत नाही. वापरायचंच असेल तर ताजं घ्या, सावलीत ठेवा. खरोखर १० टक्के असेल तर १०० लिटरला १०० मिली पुरतं. आदल्या रात्री भरून ठेवायचं नाही, गरम पाण्यात टाकायचं नाही. दोन्हींनी स्टीलला डाग आणि भोकं पडतात. दूध सोडायच्या अगदी आधी फिरवा आणि पूर्ण निथळू द्या.

७. लोण्याचा चर्न: याचा क्रम वेगळा

चर्नमध्ये पंपाचा जोर नाही, तो स्वतः फिरून पाणी आपटतो. म्हणून भरून टाकायचा नाही, साधारण एक तृतीयांशच भरायचा. १०० लिटरच्या चर्नला ३०-३५ लिटर.

आधी प्लास्टिकच्या उलथण्याने लोणी काढा. तारेची घासणी आणि खरवडणी आत जाऊ देऊ नका. स्टीलच्या चर्नची आतली बाजू मुद्दाम मॅट ठेवलेली असते, लोणी चिकटू नये म्हणून. ती घासून चकचकीत केली की लोणी चिकटायला लागतं आणि मग लोक आणखी घासतात.

मग कोमट पाण्याने ताक काढा. ताकात प्रोटीन असतं, ते गेल्यावरच गरम पाणी घालायचं. ताक निघालं की ६० अंशांच्या वरचं पाणी, पाच मिनिटं फिरवून. लोणी वितळून वर तरंगत निघेल. त्यानंतर अर्धा टक्का कॉस्टिक ७० अंशांवर दहा मिनिटं, पाण्याने धुणं, आणि शेवटी ८० च्या वरचं पाणी.

इथे जीवावर बेतणारा धोका आहे. बंद चर्नमध्ये गरम पाणी फिरलं की वाफेचा दाब तयार होतो. चार-पाच फेऱ्या झाल्या की चर्न थांबवा, हवेची तोटी वर येईल असा, आणि तोटी उघडून वाफ जाऊ द्या. मग पुढच्या फेऱ्या. तोटी न उघडता झाकण सोडलं तर उकळतं कॉस्टिक थेट तोंडावर येतं. कॉस्टिक डोळ्यात गेलंच तर किमान १५ मिनिटं वाहत्या साध्या पाण्याने धुवा आणि तसंच दवाखान्यात न्या.

याच्या उलटही होतं, आणि ते टाक्यांनाही लागू आहे: गरम फेऱ्यानंतर तोटी बंद ठेवून लगेच थंड पाणी सोडलं की आतली वाफ आकसते आणि पातळ पत्र्याची टाकी आत चेपते. तोटी उघडी ठेवून हळूहळू गार करा.

झाकणाचं गॅस्केट, बघायची काच आणि ड्रेनचा व्हॉल्व्ह रोज हातानेच. फिरण्याने ते धुतले जात नाहीत. दुसऱ्या दिवशी क्रीम टाकण्याआधी चर्न निर्जंतुक करून थंड पाण्याने गार करा, गरम चर्नला लोणी चिकटतं.

जाता जाता दुधाच्या कॅनबद्दल. तुमचे कॅन ॲल्युमिनियमचे असतील तर कॉस्टिकला हातच लावू नका. ॲल्युमिनियम त्यात विरघळतं आणि हायड्रोजन निघतो. धुण्याचा सोडा आणि सोडियम मेटासिलिकेट असलेली ॲल्युमिनियमला चालणारी पावडर मिळते, ती ब्रशने.

एका युनिटचं उदाहरण

ओळखीच्या एका भाऊंचं युनिट, दीड इंची १८ मीटर लाइन, बोअरचं पाणी. तक्रार अशी की सकाळच्या पहिल्या दोन क्रेटमधलं दूध उकळताना फाटतं, नंतरचं टिकतं. हेच लक्षण महत्त्वाचं. येणारं दूध वाईट असतं तर सगळेच क्रेट फाटले असते. फक्त पहिले जातात म्हणजे लाइनमध्ये रात्रभर काहीतरी वाढतंय आणि पहिलं दूध ते धुऊन नेतंय.

बादली लावली तर ३१ सेकंद. हिशेबाने वेग सेकंदाला ०.६५ मीटर, हवा त्याच्या निम्म्याहून कमी. रिटर्नला एक इंची होज होता आणि सक्शनच्या जाळीत गॅस्केटचे तुकडे. रिटर्नचं तापमान फेरा संपताना ६०. कॉस्टिक ०.७.

होज बदलला, जाळी साफ केली. बादली १३ सेकंदांवर आली. हीटरला वेगळी फेज दिली, लाइनचं पाणी धरून कॉस्टिक मोजलं. आठवड्याभरात फरक पडला, पण पहिला क्रेट अजूनही मधूनमधून जायचाच. मग लाइन हाताने चाचपत गेलो. भिंतीजवळ एक टी होता, जुन्या टाकीला जाणारा, टोकाला टोपी लावून बंद केलेला, जवळजवळ वीतभर लांब. अशा आंधळ्या फाट्यात पाणी जातच नाही, तोंडाशी भोवरा करून पुढे निघून जातं. फाटा पाइपच्या व्यासाच्या दीडपटीपेक्षा लांब नको, म्हणजे दीड इंचीला सव्वादोन इंच. टोपी काढली तर आतला वास सांगण्यासारखा नव्हता. टी कापून सरळ पाइप जोडला.

जुना मिल्क स्टोन एका ॲसिडने गेला नाही, जाणारही नव्हता. क्षार आणि प्रोटीन एकावर एक थरांनी बसलेले असतात. १ टक्का नायट्रिक ६० अंशांवर २०-२५ मिनिटं, पाणी, कॉस्टिक, पाणी, परत ॲसिड, असे आळीपाळीने फेरे दोन रविवारी दिले. एवढं कडक ॲसिड असं एखाद्या वेळीच, आणि त्यानंतर सगळे गॅस्केट नवे.

धुतलं गेलं हे कसं कळेल

वाळल्यावर युनियन खोलून टॉर्च मारा. आतून पाणी शिंपडून बघा: स्वच्छ स्टीलवर पाणी सलग पसरतं, तूप राहिलं असेल तर थेंब थेंब होऊन तुटतं. खरखरीत पांढरा डाग दिसला तर त्यावर ॲसिडचं पातळ द्रावण फडक्याने लावा. गेला तर क्षार होता, ॲसिडची पाळी वाढवा. नाही गेला तर कॉस्टिकचं फडकं लावा. त्याने गेला तर तूप-प्रोटीन, म्हणजे कॉस्टिकचं तापमान किंवा वेग कमी पडतोय.

आणि आठवड्यातून एकदा एमबीआरटी लावा, म्हणजे दुधात मेथिलीन ब्लू टाकून निळा रंग किती वेळात जातो ते बघा; जीवाणू जास्त तितका रंग लवकर जातो. पण चाचणी दोन नमुन्यांची: टाकीतून लाइनमध्ये शिरण्याआधीचं दूध आणि त्याच दिवशी फिलरमधून पडलेलं पहिलं पाकीट. निळा रंग दोन्हींत साधारण एकाच वेळी जायला हवा. पाकिटातला रंग बराच आधी गेला तर घाण लाइनमध्येच आहे, गवळ्याला फोन करू नका. तिसरा नमुना मधल्या पाकिटाचा घेतलात तर आणखी उलगडा होतो. पहिलं वाईट आणि मधलं चांगलं असेल तर कुठेतरी आंधळा फाटा किंवा पाणी उभं राहणारा लोंबता पाइप आहे. दोन्ही सारखेच वाईट असतील तर थर सगळीकडे आहे, आणि पुन्हा बादलीपासून सुरुवात करावी लागेल.

कॉस्टिकचं आणि ॲसिडचं वापरलेलं पाणी नाल्यात सोडण्याआधी एका पक्क्या टाकीत जमा करा. आधी दोन्ही आपसात मिसळू द्या, गार होऊ द्या, मग पट्टीने बघून पीएच सातच्या आसपास आणा; या कामाला पट्टी चालते. क्लोरीनचं पाणी मात्र या टाकीत कधीच नको.